दोन इंची पाणी

माझी दहावीपासून बी.एड.पर्यंतची सगळी मूळ कागदपत्रं धुळ्यातल्या एका लोखंडी कपाटात तीन वर्षं चार महिने पडून आहेत. मी रोज त्या कपाटासमोरून वर्गात जाते आणि मुलांना एकक बदलायला शिकवते. यातली गंमत पहिल्या वर्षी मला कळली नाही, आता कळते, पण हसू येत नाही.

कपाट नानांचं, वर्गाच्या वाटेवरच्या त्यांच्या खोलीतलं. नाना म्हणजे जीवराम सर, आमच्या अकॅडमीचे संचालक. अकरावी-बारावी सायन्स, सोबत प्रवेश परीक्षांची तयारी, वर वसतिगृह. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझी फाइल हातात घेऊन म्हटलं होतं, "ताई, राहू द्या इथं. तुमच्या घरी उंदीर कुरतडतील." माझं माहेर पाचोऱ्याजवळ, आबांचं, म्हणजे वडिलांचं, शेत तिथंच. आमच्याकडे उंदीर आहेत हे नानांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक. दोन वर्षं झाल्यावर मी फाइल मागितली तेव्हा "वर्ष संपू द्या" झालं, मग "बॅच जाऊ द्या" झालं. मागणारी मी, आणि अवघडल्यासारखं वाटायचं तेही मलाच.

आता मात्र मागणं भाग होतं. जिल्हा परिषदेच्या शिक्षक भरतीत माझं नाव लागलं होतं. शुक्रवारी सकाळी दहा वाजता जळगावला कागदपत्रांची पडताळणी. पत्रात ठळक अक्षरात लिहिलेलं: मूळ प्रतींसह उपस्थित राहावे, अन्यथा नाव वगळण्यात येईल. मी सोमवारी सकाळी नानांकडे गेले. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला, आनंद झाल्यासारखा चेहरा केला.

"वा, वा! पेढे पाहिजेत. गुरुवारी निकाल लावू, संध्याकाळी पाचला फाइल घेऊन जा. मी कशाला अडवू?"

निकाल म्हणजे आमच्या निवड चाचणीचा. पंचेचाळीस प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. पहिल्या येणाऱ्याला दोन्ही वर्षं शिकवणी आणि वसतिगृह फुकट. गणिताचे प्रश्न मी काढले होते आणि उत्तरसूचीही माझीच. तात्पुरती यादी लागलेली होती: तेजस १७२, शीतल १७१. देवपूरच्या चौकात तेजसच्या फोटोचं फ्लेक्सही लागून गेलं होतं. आमच्याकडे निकालाआधी फ्लेक्स लागतं, ही नानांची तत्परता.

सोमवारी दुपारी माझा जोडतास होता. हा तास मी आणि भौतिकशास्त्राच्या प्रेमराज सरांनी भांडून मिळवलेला. मुलं गणितात हुशार आणि भौतिकशास्त्रात गारद, कारण आकडे पाठ आणि एककांशी बोलणंच नाही. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायचे म्हटलं की सगळे ओरडतात, "पाच भागिले अठरा!" का, ते विचारलं की खाली बघतात. म्हणून मी फळ्यावर पूर्ण साखळी मांडायला लावते. ताशी ७२ किलोमीटर. गुणिले एक हजार मीटर भागिले एक किलोमीटर. गुणिले एक तास भागिले ३६०० सेकंद. किलोमीटरने किलोमीटर कापा, तासाने तास कापा. उरतं ते सेकंदाला २० मीटर. कापताना खडूचा आवाज झाला पाहिजे, असा माझा आग्रह. आणि वर्गाचा कायदा एकच: एकक नाही तर गुण नाही. मी या कायद्यापायी मुलांना रडवलं आहे.

प्रेमराज सर शेवटच्या बाकावर बसतात आणि मधून मधून उठून मितीचं सांगतात. लांबीसाठी L, काळासाठी T. वेग म्हणजे लांबी भागिले काळ. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंची मिती सारखीच पाहिजे, आणि केळीतून किलोमीटर वजा होत नाहीत. पण ते एक गोष्ट दर वेळी बजावतात. "मिती चूक पकडते. बरोबर असल्याचं सर्टिफिकेट देत नाही. s = ut + ½at² यातला अर्धा तुम्ही विसरलात तरी मिती बरोबरच येणार. तो अर्धा नुसता आकडा आहे, मितीला दिसतच नाही."

निकाल लागेपर्यंत चाचणी दिलेली मुलंही वर्गात बसायची, म्हणून त्या दिवशी आम्ही चाचणीचा पेपर सोडवत होतो. सतरावा प्रश्न मी असा काढला होता: 'एक इंची नळातून ताशी ३६०० लिटर पाणी पडते. पाण्याचा वेग तोच असल्यास दोन इंची नळातून ताशी किती पडेल?' सूचीत पर्याय अ, ७२०० लिटर. मी फळ्यावर तेच लिहिलं आणि पुढं निघाले.

"मॅडम," शीतल उभी राहिली. "अ कसं?"

शीतल शिरपूरच्या वरची, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची. दोन वर्षं आश्रमशाळेच्या ग्रंथालयात बसून तिनं इंग्रजी पुस्तकं मराठीत उतरवून काढलेली, ती वही मी पाहिली आहे. कमी बोलते. बोलली की मी फळा पुन्हा वाचते.

"दोन इंची म्हणजे दुप्पट," मी म्हटलं. अगदी सहज.

"कशाच्या दुप्पट?"

तिनं खडू मागितला. फळ्यावर लिहिलं: इंच, मिती L. खाली लिहिलं: ताशी लिटर, लिटर म्हणजे घनफळ, मिती L³ भागिले T. "इंच लांबीचं एकक आहे, मॅडम. पाण्याचं नाही. पाणी म्हणजे नळाच्या तोंडाचं क्षेत्रफळ गुणिले वेग. L² गुणिले L भागिले T, जमतंय. वेग तोच. मग क्षेत्रफळ किती पट ते बघायचं. व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट. ताशी चौदा हजार चारशे. पर्याय ब."

मग तिनं पडताळाही करून दाखवला. ताशी ३६०० लिटर म्हणजे सेकंदाला एक लिटर, म्हणजे एक हजार घन सेंटीमीटर. इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर, तोंडाचं क्षेत्रफळ साधारण ५.०७ चौरस सेंटीमीटर, वेग सेकंदाला जवळजवळ दोन मीटर. दोन इंची तोंड २०.२७ चौरस सेंटीमीटर, त्याच वेगानं सेकंदाला चार लिटर. घन सेंटीमीटर, चौरस सेंटीमीटर, सगळं आवाज करत कापलं. माझ्याच पद्धतीनं.

मी फळ्याकडे बघत उभी राहिले. कुठं पाय घसरला ते मला तत्काळ कळलं, आणि ते मुलांना सांगण्यासारखं नव्हतं. आमच्याकडे पाणी इंचातच मोजतात. बोअर लागली की गावभर निरोप जातो, "दोन इंची पानी लागनं!" आणि ऐकणारा मनात एक इंचीच्या दुप्पट धरतो. मी लहानपणी आबांच्या मांडीवर बसून हे ऐकलंय. आबांनी कधी इंचाचा वर्ग केला नाही, कुणीच करत नाही. पेपर काढताना मी गणिताची एम.एस्सी. नव्हते, पाचोऱ्याची पोर होते.

"बघते," मी म्हटलं. शिक्षक 'बघते' म्हणतो तेव्हा त्यानं बघून झालेलं असतं.

शेवटच्या बाकावर प्रेमराज सरांनी मान हलवली. तास संपल्यावर ते म्हणाले, "बरोबर आहे तिचं."

"मला दिसतंय."

"गुण?"

गुण मी फळा पुसतानाच मोजले होते. शीतलचा एक वजा झालेला, तो परत आणि वर चार: १७६. तेजसचे चार जाणार आणि एक वजा होणार: १६७. एका प्रश्नात यादी उलटी.

मंगळवारी मी नानांना सांगितलं. मला वाटलं होतं ते रागावतील. ते रागावले नाहीत, त्यांनी चहा मागवला.

"ताई, चूक कुणाची?"

"माझी."

"मग तुमची चूक मी चव्हाट्यावर कशी मांडू? तुमची बदनामी होईल. तिकडं सरकारी नोकरी लागतेय." चहाची बशी माझ्याकडे सरकवली. "पाच शाखांत हाच पेपर झाला. बाराशे मुलं. फ्लेक्स लागलंय. एका मुलीनं विचारलं म्हणून उत्तर बदलायचं?"

"एका मुलीनं विचारलं म्हणून नाही. चुकलंय म्हणून."

"तुम्ही असं करा," नाना म्हणाले, "विषयशिक्षिका म्हणून लेखी द्या, उत्तर तपासलं, चूक नाही. गुरुवारी दुपारी ते लावू, यादी पक्की करू. पाचला तुमची फाइल." आणि मागच्या कपाटावर त्यांनी सहज हात ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.

त्यांनी एकदाही धमकी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. मी तो चहा पूर्ण प्यायले, याचा मला अजून राग येतो.

बुधवारी मी काय केलं? काहीच नाही. सहीशिवाय फाइल नाही, फाइलशिवाय नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणजे पुढची कित्येक वर्षं या कपाटासमोरूनच वर्गात जायचं. कुठूनही सुरुवात केली तरी मी नानांच्या टेबलापाशीच येऊन थांबत होते. दुपारी जिन्याखाली कमलबाईंना गाठलं. त्या आमच्या शिपाई, साऱ्या कुलपांचा जुडगा त्यांच्या कमरेला.

"कमलबाई, कपाटाची किल्ली तुमच्याकडेच असते ना?"

"चावी मनाजोडे व्हती, बाई. आज सकायमाच नानानी मांगी लिधी." त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "माले काही इचारू नका."

संध्याकाळी आबांचा फोन आला. "कागद भेटनात का?" मी म्हटलं, "उद्या भेटतीन, आबा." पलीकडे ते कुणाला तरी सांगत होते की पोरगी आता सरकारी मास्तरीण होणार.

गुरुवारी अकरा वाजता नानांनी बोलावलं. अकॅडमीच्या छापील कागदावर त्यांनी स्वतःच्या हातानं मजकूर लिहून ठेवला होता. नाना इतिहासाचे एम.ए., अक्षर सुरेख. 'प्रश्न क्र. १७ चे उत्तर ७२०० हे बरोबर असून त्यात कोणतीही चूक नाही.' खाली रेघ, रेघेखाली माझं नाव.

मी तीन वेळा वाचलं आणि तिसऱ्यांदा मला दिसलं. ७२००. काय ७२००? एकक नव्हतं. इतिहासाच्या माणसाला ते लागत नसावं.

सेकंदाला चार लिटर, मिनिटाला दोनशे चाळीस, तासाला चौदा हजार चारशे. अर्ध्या तासाला? सात हजार दोनशे. मी पेन उचललं आणि ७२०० च्या पुढं, बारीक पण स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'लिटर, दर अर्ध्या तासाला'. आणि सही केली.

"हे काय?" नाना म्हणाले.

"एकक, नाना. एककाशिवाय उत्तर लावलं तर मुलं हसतील."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग शिक्का मारला. "तुम्ही गणितवाले."

मी जिना उतरले ते जवळजवळ उड्या मारत. खोटं लिहिलं नव्हतं. अडवणाऱ्याच्याच कागदावर, त्याच्याच शिक्क्यासकट, खरं लिहून आले होते. संध्याकाळी पाचला फाइल, सहाची बस, रात्री जळगावला मावशीकडे मुक्काम. मी प्रेमराज सरांना सांगितलं तेव्हा ते हसले, पण लगेच थांबले. "मिती बरोबर आहे," एवढंच म्हणाले. मला त्या वेळी ते कौतुक वाटलं.

तीनच्या सुमारास सूचना फलकापाशी शीतल उभी होती. दप्तर दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. मी गेले, कारण मला वाटलं ती ओळखेल आणि आम्ही दोघी हसू.

"मॅडम, हे अर्ध्या तासाचं आहे."

"हो."

"म्हणजे तासाला चौदा हजार चारशेच."

"हो," मी म्हटलं, आणि थोडं हसलेसुद्धा.

"मग यादी बदलणार?"

शेजारीच पक्की यादी लावलेली होती. तेजस १७२. शीतल १७१. खाली नानांची सही.

"नाही," मी म्हटलं.

तिनं परत सूचना वाचली. आवाज न चढवता, खरंच समजत नसल्यासारखं विचारलं, "मग हे तुम्ही कुणासाठी लिहिलं, मॅडम?"

तिला कळत होतं आणि मला कळत होतं. ज्यांना कळून यादी बदलली असती त्यांच्यासाठी मी ते लिहिलंच नव्हतं, ते कळू नये म्हणूनच तर बारीक अक्षर काढलं होतं. मी लिहिलं होतं माझ्यासाठी, बसमध्ये खिडकीशी बसून स्वतःला शहाणी म्हणता यावं म्हणून. मिती बरोबर होती आणि अर्धा गिळला होता. लाज वाटली.

ती जायला निघाली. पाड्यावर जायची एसटी पावणेचारला असते, हे मला माहीत होतं, आणि फुकटची जागा नाही म्हणजे ती परत येणार नाही, हेही.

"थांब," मी म्हटलं.

माझ्या पर्समध्ये तपासणीचं लाल पेन होतं. मी फलकाची काच सरकवली आणि त्या शिक्क्याच्या कागदावर, उरलेल्या कोऱ्या जागेत, साखळी मांडली. ७२०० लिटर भागिले ३० मिनिटे, गुणिले ६० मिनिटे भागिले १ तास. मिनिटानं मिनिट कापलं. बरोबर ताशी १४४०० लिटर. पर्याय ब. खाली लिहिलं, 'उत्तरसूचीत पर्याय अ दिला होता, ती चूक माझी. इंच हे लांबीचे एकक आहे, पाण्याचे नाही.' सही, तारीख, वेळ तीन वाजून दहा मिनिटं. या वेळी मोठ्या अक्षरात.

मागं मुलं जमली होती. मोबाईल वर झाले. त्यांत तेजसही होता. तो गर्दीतून पुढं आला, नीट वाचून म्हणाला, "मॅडम, मी पण दुप्पटच धरलं. आमच्याकडे तसंच म्हणतात." मी म्हटलं, "आमच्याकडेही."

चार वाजेपर्यंत तो फोटो पाचही शाखांच्या पालकांच्या ग्रुपवर गेला. साडेचारला नानांनी यादी काढायला लावली. शिक्का त्यांचाच होता, दुसरं काय करणार? पाच वाजता कमलबाईंनी नवी यादी लावली. शीतल १७६. ती मात्र एसटी सोडून तिथंच थांबली होती. तिनं यादी वाचली, कमलबाईंना वसतिगृहाची खोली कुठं ते विचारलं आणि गेली. जिन्यावरून एकदा वळून बघितलं फक्त.

मी नानांच्या खोलीत गेले. ते टेबलावरचे कागद एकावर एक लावत होते. कपाट त्यांच्या पाठीशी, बंद.

"नाना, पाच वाजले. फाइल."

"अहो ताई, गंमतच झाली." त्यांचा आवाज सोमवारच्या इतकाच गोड होता. "किल्ली सापडत नाही. सकाळपासून शोधतोय."

त्यांच्या शर्टाच्या खिशाला लोखंडी जडपणा होता, तो मला उभ्या जागेवरून दिसत होता.

"उद्या दहाला माझी पडताळणी आहे."

"माहीत आहे ना. पेढे खाल्लेत आपण." खाल्ले नव्हते. "शोधतो. सापडेल."

"किती वेळ लागेल?"

त्यांनी कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटून सरळ केला.

"दोन."

"दोन काय, नाना? तास, दिवस?"

नाना पहिल्यांदाच मनापासून हसले.

"तुमचा विषय आहे, ताई," ते म्हणाले. "एकक तुम्हीच लावा."

मी सात वाजेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसले. मग पर्समध्ये झेरॉक्स आहेत का ते बघितलं, होत्या, आणि तेवढ्याच घेऊन जळगावच्या बसला गेले.